‘आता उचलायची गरज नाही’ म्हणून विकलेली उशी

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. आठ वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवरून पडलो, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालची संवेदना गेली. रोज नऊ-दहा तास व्हीलचेअरवर बसतो, हळदीचा हंगाम असला की बारा तास होतात. बसून बसून ढुंगणावर जखम होऊ नये म्हणून मला उशीची फार काळजी असते. हीच काळजी ओळखून मला फसवलं गेलं.

गेल्या वर्षी हंगामाच्या तोंडावर माझी जुनी फोमची उशी मधोमध बसली होती. ओळखीतल्या एकाने नंबर दिला आणि एक माणूस थेट अडतीवर निळी उशी घेऊन आला. म्हणाला, “दादा, इम्पोर्टेड जेल आहे. हिच्यावर आठ तास बसा, मधे अंग उचलायची गरजच नाही.” किंमत १४,५०० रुपये. मी चेन उघडून आत बघायला लागलो तर त्याने हात धरला. चेनवर स्टिकर होतं. “सील तुटलं की वॉरंटी गेली,” असं तो म्हणाला. मग आमच्या हमालाला उशीवर बसवलं आणि विचारलं, “कशी वाटते?” तो म्हणाला, “लय मऊ.” मीही तळव्याने दाबून बघितली. मऊच लागली. पैसे फोनवरून दिले, बिल नंतर पाठवतो म्हणाला.

मऊ लागणं म्हणजे काहीच नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. माणूस बसतो तेव्हा वजनाचा मोठा भाग ढुंगणातल्या दोन टोकदार हाडांवर येतो. हाड आणि खुर्ची यांच्या मधली कातडी आणि मांस चेपलं जातं, तिथलं रक्त थांबतं आणि मांस मरायला लागतं. ज्याला संवेदना आहे तो नकळत कूस बदलतो. हमाल पाच मिनिटं बसला आणि उठला. मी उठू शकत नाही आणि मला दुखतही नाही. हमालाला मऊ वाटलं, त्याचा माझ्या कातडीला काय उपयोग?

पूर्वी मी हाडांवरचा भार उतरावा म्हणून दर अर्ध्या तासाने पुढे वाकायचो. त्या माणसाचं ऐकून ते बंद केलं. खरेदीच्या धांदलीत ते सोयीचंही वाटलं, हे कबूल करतो.

बाराव्या दिवशी रात्री बायकोला डाव्या बाजूला रुपयाएवढा काळपट लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी तो फिका पडला नाही. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून ती हात लावून दोन्ही बाजू ताडून बघते. तिथे डावी बाजू उजवीपेक्षा गरम आणि टणक लागत होती. मी “उद्या बघू” म्हटलं आणि आणखी चार दिवस बसलो. कातडी फुटली. मिरजेच्या डॉक्टरांनी जखम तपासली तेव्हा बाहेर छोटं तोंड आणि आत मोठी पोकळी निघाली. अशा जखमेत हाडाजवळचं मांस आधी मरू शकतं आणि कातडीला नंतर कळतं, असं त्यांनी समजावलं. सात आठवडे मी पालथा झोपून काढले. त्यात अख्खा हंगाम गेला.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, “तुमची कातडी नाजूक असेल. मधे भोक असलेली हवेची गोल ट्यूब देतो, जखम अधांतरी राहील.” आणखी २,२०० रुपये मागितले. सुदैवाने मी आधी मिरजेतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. ट्यूब जिथे टेकते त्या कड्यावर सगळा दाब येतो आणि मधल्या जखमेला जाणारं रक्त आणखी अडतं. आपल्याकडे बाळंतपणानंतर किंवा मूळव्याधीला अशी ट्यूब वापरतात, म्हणून ती घरातल्यांना पटकन पटते. दाबाच्या जखमेला ती घेऊ नका.

बाईंनीच उशीचं स्टिकर काढलं. आत दोन इंचांचा साधा सोफ्याचा स्पंज होता आणि त्यावर बोटाएवढी जाड जेलची एकच पिशवी. मी बसलो की जेल बाजूला सरकत होतं आणि हाडांखाली फक्त दबलेला स्पंज उरत होता. जखम भरल्यावर त्यांनी मला तिच्यावर एकदा थोडा वेळ बसवून दाखवलं. उशी आणि खुर्चीच्या मधे तळवा घातला आणि बायकोलाही घालायला लावला. वरून माझं हाड तळव्याला लागत होतं. फोम किंवा जेलची उशी घेताना स्वतः तिच्यावर बसून कुणाकडून तरी हे बघून घ्या. हाडाखाली इंचभर तरी न दबलेला थर राहिला नाही, तर ती उशी तुमच्या वजनाला कामाची नाही.

पण दोष एकट्या उशीचा नव्हता. माझ्या खुर्चीचं रेक्झिन झोळीसारखं खाली आलं होतं, त्यामुळे कंबर एका बाजूला कलून डाव्या हाडावर जास्त भार येत होता. शिवाय उशी दबून मी खाली गेलो, पण पायदान होतं तिथेच राहिलं. गुडघे वर आले, मांड्या उशीवरून उचलल्या गेल्या आणि मांड्यांनी पेलायचं वजनही हाडांवर पडलं. महागातली उशी आणली असती तरी या बैठकीत ती पूर्ण कामाला आली नसती.

आता रेक्झिनवर सुताराकडून मापाने कापून घेतलेली प्लायवूडची फळी आहे, पुढची कड गोल घासलेली आणि सरकू नये म्हणून पट्ट्यांनी बांधलेली. तिच्यावर हवेच्या कप्प्यांची उशी, जवळपास चार इंच उंच. पायदान मांड्या पूर्ण टेकतील इतकं खाली घेतलं.

हवेची उशी म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. घट्ट भरली तर माणूस तिच्यावर चेंडूवर बसल्यासारखा बसतो आणि हाडं आत रुतत नाहीत. हवा कमी झाली तर हाड थेट फळीला टेकतं. म्हणून रोज सकाळी मी बसल्यावर बायको उशी आणि माझ्या अंगाच्या मधे हात घालते, सगळ्यात खालचं हाड शोधते आणि त्याच्याखाली अर्धा ते एक इंच हवा आहे ना ते बोटांनी बघते. एक मिनिट लागतं. एकदा झडप सैल राहिली होती, ती अशीच सापडली.

आणि अंगावरचा भार काढणं पुन्हा सुरू केलं आहे. फोनवर दर अर्ध्या तासाचा गजर लावला आहे. गजर झाला की मी टेबलावर कोपरं टेकवून छाती मांड्यांकडे आणतो आणि दोन मिनिटं तसाच राहतो. हातांवर जोर देऊन अंग उचलता येतं, पण दोन मिनिटं तसं धरवत नाही आणि खांदे झिजतात. कुठल्याच उशीने हे वाकणं सुटत नाही. सुटतं म्हणून कुणी सांगत असेल तर तिथेच व्यवहार थांबवा. चेन उघडू देत नसेल, आणि घरी नेऊन आधी अर्धा तास बसून कातडी तपासू देत नसेल, तरीही थांबवा.

माझे पैसे परत आले नाहीत. ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलं तेव्हा हातात ना बिल होतं, ना उशीवर कंपनीचं नाव. फोनवरच्या नोंदीत फक्त एका माणसाचं नाव होतं, आणि तो नंबर आता लागत नाही.