लिव्हर किती कडक झालंय: बायोप्सी, फायब्रोस्कॅन की नुसतं रक्त?

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ आलं की पुढचा प्रश्न पडतो, आता बायोप्सी करायची का? बहुतेकांना नाही. पण बायोप्सीऐवजी जे करायचं, त्यातल्या कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे आधी कळलेलं बरं. सोनोग्राफीतला तो ग्रेड चरबीचा असतो. लिव्हरमध्ये वण धरून ते घट्ट होत चाललंय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का, हे त्यातून कळत नाही आणि पुढचा धोका मुख्यतः त्यावरच ठरतो.

एक नमुना धरून चालू. वय ५४, मधुमेह, वजन जास्त, दारू नाही. एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार.

सगळ्यात स्वस्त तपासणी बहुधा तुमच्या फायलीतच पडून असते. फिब-४ नावाचा हिशोब याच आकड्यांवर होतो (AST म्हणजे एसजीओटी, ALT म्हणजे एसजीपीटी):

```
FIB-4 = (Age × AST) / (Platelets × √ALT)
```

५४ गुणिले ४८ म्हणजे २५९२. खाली प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे १८०, गुणिले ६४ चं वर्गमूळ ८, म्हणजे १४४०. उत्तर १.८. आपल्याकडचे रिपोर्ट प्लेटलेट ‘१.८० लाख’ असे छापतात. कॅल्क्युलेटरमध्ये तसंच १.८ टाकलं तर उत्तर १८० येतं आणि घरात रडारड होते.

१.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. आपला १.८ मधल्या पट्ट्यात अडकला. या हिशोबात वय वरच्या बाजूला असल्यामुळे सत्तरीतल्या माणसाचा आकडा एन्झाइम नॉर्मल असूनही १.३ च्या पुढे सरकतो. म्हणून ६५ नंतर खालची रेघ २ ला धरतात. पस्तिशीच्या आत हा हिशोब फारसा कामाचा नाही.

मधल्या पट्ट्यातल्यांसाठी पुढची पायरी म्हणजे फायब्रोस्कॅन. २००३ च्या सुमारास फ्रान्समधून आलेलं हे मशीन सोनोग्राफीसारखं दिसतं, पण काम वेगळं करतं. उजवा हात डोक्यामागे घेऊन पाठीवर झोपवतात, बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात आणि तो त्वचेवर हलकी टिचकी मारतो. त्या धक्क्याची लाट लिव्हरमधून किती वेगाने पळते हे अल्ट्रासाउंड मोजतो. ऊती जितकी कडक तितकी लाट वेगवान. वेगावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये निघतो. सुई नाही, भूल नाही, काम काही मिनिटांत आटोपतं.

फॅटी लिव्हरमध्ये ८ च्या खाली असेल तर निर्धास्त, ८ ते १२ मधला पट्टा, १२ च्या वर गंभीरपणे घ्यायचं. हेपटायटिस बी किंवा सी असेल तर रेघा वेगळ्या. आपल्या नमुन्याचा आकडा ९.४ आला असं धरू.

पण ९.४ खरा कशावरून? इथे बहुतेक जण चुकतात, कारण रिपोर्टवरचा मोठा आकडा तेवढा वाचतात. त्याच्या बाजूला IQR/Med असं लिहिलेलं असतं. मशीन निदान १० वेळा मोजतं आणि मधला आकडा देतं. बाकीची मापं त्याच्याभोवती किती विखुरली ते या टक्क्यात कळतं. साधारण ३० टक्क्यांपर्यंत ठीक. आपल्या रिपोर्टवर IQR, म्हणजे हा विखुरलेपणा, २.० आहे, म्हणजे ९.४ च्या सुमारे २१ टक्के, तेव्हा मापन नीट झालंय. हाच टक्का ४५ असता तर मी त्या ९.४ वर काहीच ठरवलं नसतं. स्थूल माणसाला एक्सएल प्रोब लागतो. नेहमीच्या एम प्रोबने खटाटोप केला तर मापच येत नाही किंवा आकडा फुगतो.

शिवाय मशीन कडकपणा मोजतं, वण मोजत नाही, आणि लिव्हर इतर कारणांनीही कडक होतं. जेवणानंतर तिकडे रक्तपुरवठा वाढतो, म्हणून निदान तीन तास उपाशीपोटी जायचं. सकाळी पोहे खाऊन अकराला तपासणीला गेलेल्या माणसाचा ९.४ पुन्हा करून घ्यावा. काविळीत, एसजीपीटी शेकड्यांत असताना, पित्ताचा मार्ग तुंबलेला असताना किंवा हृदय कमजोर होऊन लिव्हरमध्ये रक्त साचलेलं असताना आकडा सिरोसिससारखा येऊ शकतो आणि कारण निवळलं की उतरतो. पोटात पाणी असेल तर या मशीनची लाट लिव्हरपर्यंत पोचतच नाही.

एमआर इलास्टोग्राफी, म्हणजे एमआरआय मशीनवर मोजलेला कडकपणा, याहून अचूक. लिव्हरचा बराच मोठा भाग पाहते आणि स्थूलपणाने सहसा अडत नाही. महाग आहे, थोड्याच ठिकाणी होते, आणि लिव्हरमध्ये लोह जास्त साचलं असेल तर ती फसते. तिचा आकडाही किलोपास्कलमध्येच येतो, पण ती वेगळी राशी मोजते आणि तो फायब्रोस्कॅनच्या साधारण एक तृतीयांश असतो. तिथला ३.६ म्हणजे बराच पुढे गेलेला फायब्रोसिस. ९.४ नंतर एमआरवर ३.६ आला म्हणून पेढे वाटू नका. सोनोग्राफीच्या मशीनवरच कडकपणा मोजणारी शिअर वेव्ह तपासणीही चालते, पण तिचे आकडे कंपनीगणिक बदलतात. पुढच्या वेळी तुलना करायची तर त्याच मशीनवर करा.

आता बायोप्सी. बरगड्यांमधून सुई घालून सुमारे दोन सेंटिमीटरचा दोऱ्यासारखा तुकडा काढतात. तो अख्ख्या लिव्हरचा जेमतेम पन्नास हजारावा भाग. वण सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे एकाच लिव्हरच्या दोन तुकड्यांत फायब्रोसिसच्या एका पायरीचा फरक पडू शकतो. तुकडा छोटा निघाला तर पॅथॉलॉजिस्टला ठाम सांगता येत नाही. दुखणं नेहमीचं, मोठा रक्तस्राव क्वचित, पण होतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधी थांबवाव्या लागतात आणि नंतर काही तास पडून राहावं लागतं. म्हणजे ज्याला कसोटीचा दगड मानतात, त्यातही डगमग आहेच.

तरीही एका कामात तिला तोड नाही. वण किती, याचं उत्तर बाकीच्या तपासण्या देतात. ते का झाले, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. एसजीपीटी बरीच चढलेली आणि रक्तात ऑटोइम्यून अँटिबॉडी सापडलेल्या, औषधाने लिव्हर बिघडल्याची शंका, किंवा रक्ताचा हिशोब एक सांगतो आणि स्कॅन भलतंच, अशा वेळी मी बायोप्सीच्या बाजूने आहे. नुसती पायरी कळावी म्हणून पहिल्याच भेटीत सुई, याच्या नाही.

आपल्या नमुन्याकडे बघा. फिब-४ मधल्या पट्ट्यात, फायब्रोस्कॅनही मधल्या पट्ट्यात. या तपासण्या ‘नाही’ म्हणतात तेव्हा भरवशाच्या असतात. मध्ये अडकल्या की मात्र त्यातून नेमकी पायरी काढता येत नाही. म्हणून ५४ वर्षांच्या या माणसाने लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवावं, हेपटायटिस बी-सी तपासून घ्यावं, जमत असेल तर एमआर इलास्टोग्राफी करावी. नाहीतर साखर आणि वजन खाली आणून सहा महिने ते वर्षभरात, उपाशीपोटी आणि त्याच प्रोबने, फायब्रोस्कॅन पुन्हा करावा. तो १२ च्या पुढे गेला किंवा प्लेटलेट दीड लाखाखाली उतरल्या, तर डॉक्टर सिरोसिसच्या दिशेने बघतील. ७ वर आला तर सुईचा विषय तूर्त बाजूला.