चाकणची नोकरी, मोशीचा फ्लॅट आणि डिपॉझिटवरचा जीएसटी

कोल्हापूरला गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला होतो. चाकणच्या एका मोठ्या ऑटो पार्ट्स कंपनीच्या नावाने मला ऑफर आली आणि त्यात माझे 21,830 रुपये गेले. कंपनी खरी आहे, तिचा यात काही संबंध नाही. तिच्या नावावर दुकान मांडणारे दुसरेच होते. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण माझ्याकडे नोकरीसाठी कुणी पैसे मागितलेच नाहीत. मागितले ते राहायच्या सोयीसाठी, आणि तेही परत मिळणारे. म्हणून सविस्तर लिहितोय.

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला. ब्लोहोलचं रिजेक्शन कसं कमी केलंत, कंट्रोल प्लॅन कोण बनवतं, असे प्रश्न होते. विचारणाऱ्याला विषय कळत होता. ऑफर लेटर आलं. त्यानंतर मी रिक्रूटर मॅडमना विचारलं, की घरचे सगळे येणार आहोत, सामान आहे, मुलीची शाळा बघायची आहे, तर शिफ्टिंगचा खर्च कंपनी देते का आणि घर मिळेपर्यंत राहायचं काय? उत्तर लगेच व्हॉट्सअॅपवर आलं. टेम्पोचं पूर्ण बिल मिळेल, वर 50,000 रुपये, आणि मोशीत फर्निश्ड वन बीएचके महिनाभर फुकट. लेटरमध्ये मात्र यावर एकच ओळ होती, 'कंपनीच्या धोरणानुसार'. त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "सर, पॉलिसी जॉइनिंगच्या दिवशी हातात देतो, सगळ्यांचं असंच असतं."

मग मूळ मुद्दा आला. फ्लॅट ब्लॉक करायला 18,500 रुपये सिक्युरिटी डिपॉझिट व्हेंडरकडे भरायचं, पहिल्या पगारात परत. कंपनी थेट का भरत नाही, हे मी विचारलंच. उत्तर तयार होतं: तुमचा एम्प्लॉयी कोड जॉइनिंगनंतर तयार होतो, तोवर तुमच्या नावाचा खर्च सिस्टिममध्ये टाकता येत नाही. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही हे पटेल. आमच्याकडेही कोड नसेल तर सेफ्टी शूजसुद्धा मिळत नाहीत.

यूपीआयने पैसे टाकताना स्क्रीनवर व्हेंडरऐवजी एका माणसाचं नाव आलं. "प्रोप्रायटरचं खातं आहे सर," एवढंच स्पष्टीकरण. पावती आली, आणि मागोमाग मेसेज: डिपॉझिटवर 18 टक्के जीएसटी राहिला, 3,330 रुपये टाका, नाहीतर बुकिंग रद्द होईल आणि फ्लॅट दुसऱ्याला जाईल. तेही गेले. पाठोपाठ भाडेकरूच्या पोलिस व्हेरिफिकेशनचे 2,500 मागितले, तेव्हा मात्र मी पावतीचा फोटो मेहुण्याला पाठवला. तो भोसरीला एका फर्ममध्ये अकाउंट्स बघतो.

त्याचा फोन आला तो असा: "दाजी, डिपॉझिटवर कुठला जीएसटी?" जे पैसे परत करायचे आहेत ती सेवेची किंमत नव्हे, त्यामुळे परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर कर लागत नाही. ते पैसे पुढे भाड्यात वळते केले तरच कराचा प्रश्न येतो. मग त्याने पावतीवरचा जीएसटी नंबर वाचायला घेतला. हा नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे धारकाचा पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: C म्हणजे कंपनी, P म्हणजे व्यक्ती. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं. पावतीवर नाव होतं कुठल्यातरी 'प्रायव्हेट लिमिटेड'चं, आणि सहावं अक्षर होतं P. प्रायव्हेट लिमिटेडला P येऊच शकत नाही, आणि प्रायव्हेट लिमिटेडला प्रोप्रायटरही नसतो. जीएसटीच्या वेबसाइटवर लॉगिन न करताही नंबर शोधता येतो. शोधला तर एका हार्डवेअरच्या दुकानाचं नाव निघालं. त्या बिचाऱ्याचा नंबर कुठल्यातरी बिलावरून उचलला असणार.

कंपनीच्या वेबसाइटवरचा बोर्ड नंबर लावून मी एचआरला गाठलं. त्यांनी माझं नावही ऐकलेलं नव्हतं. बोलता बोलता त्यांच्याकडची खरी पद्धत कळली: माझ्या ग्रेडला फ्लॅट वगैरे काही नाही, प्रवासभाडं आणि टेम्पोचं बिल एका मर्यादेपर्यंत, तेही दुसऱ्या महिन्याच्या पगारात, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर सगळं वसूल. मला वाटतं ओळखायची खूण इथेच आहे. खऱ्या कंपनीचं उत्तर कंजूष असतं, त्यात मर्यादा असते, मुदत असते, वसुलीची अट असते. मला मिळालेल्या उत्तरात 'पण' कुठेच नव्हता.

मेहुण्याने आणखी एक गोष्ट समजावली. राहण्याचा खर्च कंपनी साधारण दोनच तऱ्हांनी देते. एक तर व्हेंडर कंपनीचा असतो. मग बिल थेट कंपनीला जातं आणि उमेदवाराच्या खिशाला हात लागत नाही. नाहीतर रिइम्बर्समेंट असते. मग जागा तुम्ही शोधायची, पैसे तुम्ही भरायचे आणि बिल सादर करायचं. कुणाला पैसे द्यायचे ते यात कंपनी ठरवत नाही. व्हेंडर त्यांचा आणि आधी पैसे तुमचे, अशी खिचडी दिसली की थांबायचं. मॅडमना मी हाच प्रश्न टाकून बघितला: "व्हेंडर कंपनीचा आहे तर बिल कंपनीच्या नावाने का नाही?" आधी म्हणाल्या विचारून सांगते, नंतर ब्लॉक केलं.

लगेच 1930 ला फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार भरली. तिथे प्रत्येक व्यवहाराचा यूपीआय रेफरन्स नंबर लागतो, तो 12 आकडी असतो, अॅपमध्ये मिळतो. चॅटचे स्क्रीनशॉट मी ब्लॉक व्हायच्या आधीच काढले होते, ते उपयोगी पडले. डिपॉझिटचे पैसे तोवर पुढे गेले होते. नंतरचे 3,330 एका खात्यात अडवून ठेवल्याचं कळलं; ते अजून हातात आलेले नाहीत. राजीनामा फाउंड्रीच्या साहेबांनी फाडून टाकला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पुढे तळेगावला खरोखर नोकरी लागली, तेव्हा रिलोकेशनचं सगळं मी ईमेलवर विचारलं: किती, कशाचं, कधी मिळणार, बिल कुणाच्या नावाने आणि आधी कोण भरणार. उत्तर कंपनीच्या डोमेनवरून आलं, चार कोरड्या ओळींचं. सात दिवसांपर्यंत हॉटेल, रोज 2,000 पर्यंत, हॉटेल तुम्हीच बघा, बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर हवा, रक्कम पुढच्या पगारात. पहिले दोन दिवस मी भोसरीजवळच्या एका साध्या लॉजवर काढले. त्याच्याकडे जीएसटी नंबर नव्हता, हाताने लिहिलेली पावती दिली. अकाउंट्सने ते दोन दिवस कापले, बाकीच्या पाच दिवसांचे पैसे पुढच्या पगारात जमा झाले.