शेतांच्या यादीचा फोटो आणि गावाचं एकूण उत्पादन: कोणत्या पद्धतीने काढावं?

व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो येतो. त्यावर गावातल्या काही शेतांचं क्षेत्र आणि उत्पादन लिहिलेलं असतं आणि सोबत प्रश्न असतो की गावात एकूण सोयाबीन किती झालं असेल. नमुना यादृच्छिक आहे असं धरून चालू. आता हातात चार पद्धती आहेत: साधी सरासरी, गुणोत्तर (रेशो एस्टिमेटर), शेतागणिक उताऱ्यांची सरासरी आणि रिग्रेशन. चारही पद्धती पाठ्यपुस्तकातल्याच आहेत, सूत्रं पाठ असतील असं धरतो. प्रश्न एवढाच, की असा फोटो समोर असताना कोणती धरावी.

उदाहरणादाखल एक गाव घेऊ. सोयाबीन पेरणारे १५० शेतकरी, सोयाबीनखालचं एकूण क्षेत्र २१० हेक्टर. फोटोत १० ओळी आहेत, क्षेत्र हेक्टरमध्ये, उत्पादन क्विंटलमध्ये.

| क्र. | क्षेत्र | उत्पादन |
|---|---|---|
| १ | ०.४० | ६ |
| २ | ०.६० | ८ |
| ३ | ०.८० | १२ |
| ४ | ०.८० | १० |
| ५ | १.०० | १४ |
| ६ | १.२० | १५ |
| ७ | १.४० | २० |
| ८ | १.६० | २१ |
| ९ | २.०० | २४ |
| १० | २.६० | ३२ |
| एकूण | १२.४० | १६२ |

साधी सरासरी म्हणते: एका शेतकऱ्याचे सरासरी १६.२ क्विंटल, गुणिले १५०, म्हणजे २४३० क्विंटल. गुणोत्तर म्हणतं: १६२ भागिले १२.४०, म्हणजे हेक्टरी १३.०६ क्विंटल, गुणिले २१०, म्हणजे २७४४. उताऱ्यांच्या सरासरीने २८१५ येतात आणि रिग्रेशनने २७१२. साधी सरासरी बाकी तिघांपासून २८२ ते ३८५ क्विंटल खाली राहिली. कारण उघड आहे. गावातली सरासरी शेती १.४० हेक्टरची, नमुन्यात आली ती १.२४ ची. चिठ्ठ्या काढताना लहान शेतं जरा जास्त निघाली, एवढंच. साध्या सरासरीला हे दिसतच नाही, कारण ती क्षेत्राचा स्तंभ वाचतच नाही.

अचूकतेचा हिशेब केला तर साध्या सरासरीची प्रमाणत्रुटी ३६८ क्विंटल येते, गुणोत्तराची ६१. क्षेत्र आणि उत्पादन यांचा सहसंबंध इथे ०.९९ आहे. तो क्षेत्र आणि उत्पादन यांच्या विचरण गुणांकांच्या भागाकाराच्या निम्म्याहून जास्त असला, म्हणजे इथे साधारण ०.५५ च्या वर, की गुणोत्तर जिंकतं. एकाच पिकाच्या, एकाच गावातल्या शेतांत ही अट सहसा पुरी होते.

पण माझा कल गुणोत्तराकडे झुकला तो या त्रुटीमुळे नाही. झुकवलं ते शेतकऱ्यांच्या संख्येने, म्हणजे त्या १५० ने.

हा आकडा विचारून पाहा. आठ-अ वरून मोजले तर खाती मिळतात. एकाच घरात वडील, मुलगा आणि सून यांची तीन खाती असतात आणि पेरणी मात्र एकत्र होते. सातबारावरून मोजले तर गट आणि पोटहिस्से मिळतात. एका खातेदाराचे चार गट असू शकतात, किंवा एका सातबारावर सहा नावं आणि प्रत्यक्षात कसणारा एकच. फोटोतली एक ओळ यांपैकी नेमकं काय आहे? मथळ्याची ओळ फोटोत आली असेल तर कळेल, पण नेमकी तीच कापली जाते किंवा अंगठ्याखाली जाते. समजा ओळी शेतकऱ्यांच्या आहेत आणि गावातून आलेला आकडा गटांचा आहे, १७२. साधी सरासरी लगेच २४३० वरून २७८६ वर उडी मारते. शेतातला एक दाणाही वाढलेला नसतो. गुणोत्तराचं उत्तर जिथल्या तिथे राहतं, कारण एकूण काढण्याच्या त्याच्या सूत्रात ही संख्या लागतच नाही. ती फक्त त्रुटीच्या हिशेबात येते. रिग्रेशनला ती लागते, पण तिथे फरक पडतो ३६ क्विंटलचा.

याच कारणाने शून्याच्या ओळींचाही त्रास वाचतो. यादीत एखाद्याने सोयाबीन पेरलंच नसेल तर क्षेत्र शून्य, उत्पादन शून्य, दोन्ही बेरजा जशाच्या तशा. साध्या सरासरीत मात्र ती ओळ ठेवायची की गाळायची आणि त्यानुसार १५० चे किती करायचे, यावर वाद होतो. उलट क्षेत्र आहे पण पाणी साचून पीक गेलं, अशी ओळ कुठल्याही पद्धतीत गाळू नये. तिथे उत्पादन शून्य हीच नोंद आहे.

फोटोची दुसरी खोड म्हणजे शेवटची ओळ कापली जाणं. कागद क्षेत्राच्या चढत्या क्रमाने लिहिलेला असेल तर जाते ती सर्वांत मोठ्या शेताची ओळ. वरच्या यादीतली दहावी ओळ झाकून पाहा. साधी सरासरी २१६७ वर घसरते, म्हणजे २६३ क्विंटल गायब. गुणोत्तर २७८६ होतं, फरक ४२ चा. मोठं शेत जाताना आपलं क्षेत्रही सोबत घेऊन जातं.

आता गुणोत्तराची बाजू पडते ती कुठे, तेही बघायला हवं. क्षेत्राचा अंक चुकीचा वाचला गेला तर साध्या सरासरीला काही होत नाही, गुणोत्तराला होतं. २.६० मधला ६ फोटोत पुसट होता आणि २.०० वाचला गेला, तर उत्तर २८८३ येतं, म्हणजे १४० क्विंटल जास्त. ही एक चूक प्रमाणत्रुटीच्या दुपटीहून मोठी आहे. टिंब गेलं आणि १.४० चे १४० झाले तर बरं, कारण हेक्टरी उतारा एक क्विंटलवर येतो आणि कोणालाही खटकतं. धोका असतो तो पटण्याजोग्या चुकीत. म्हणून टंकून झाल्यावर प्रत्येक ओळीचा उतारा तिसऱ्या स्तंभात काढावा. वरच्या दहाही ओळी १२ ते १५ मध्ये बसतात. २.०० हेक्टरवर ३२ क्विंटल म्हणजे १६, ती ओळ लगेच पुढे येते. कागदावर खाली बेरीज लिहिली असेल तर तीही ताडून बघावी.

त्याहून कपटी गोष्ट एककांची. सातबारावर १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. बोलण्यात आणि अनेकांच्या वहीत १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, जेमतेम ०.६१ हेक्टर. अख्खा स्तंभ एकाच पद्धतीने लिहिला असेल तर ओळखू येतो: एकर-गुंठ्यांत टिंबानंतरचा आकडा ३९ च्या पुढे जात नाही, कारण ४० गुंठ्यांचा एकर होतो. वरच्या यादीत ०.६० आणि ०.८० आहेत, म्हणजे हेक्टर-आर. मिश्र स्तंभात मात्र ही खूण कामाची नाही. तिथे पुन्हा उतारा बघायचा: ०.६१ हेक्टरच्या शेतात ८ क्विंटल झाले आणि क्षेत्र १.२० धरलं गेलं तर उतारा ६.७ दिसतो, बाकीच्यांच्या निम्मा. अशी ओळ अंदाजाने दुरुस्त करू नये. फोटो पाठवणाऱ्याला ‘एकर की हेक्टर’ हे विचारावं.

उताऱ्यांच्या सरासरीबद्दल थोडक्यात. स्प्रेडशीटमध्ये ती सर्वांत सहज हातून होते, कारण तिसरा स्तंभ तयारच असतो. पण ती ०.४० हेक्टरच्या शेताला आणि २.६० च्या शेताला एकच मान देते. आपल्या यादीत लहान शेतांचा हेक्टरी उतारा थोडा जास्त आहे, म्हणून उत्तर ७० क्विंटलने फुगलं. नमुना वाढवला तरी हा कल जात नाही. गुणोत्तरालाही किंचित पूर्वग्रह असतो, पण तो इथे आठेक क्विंटलचा आहे आणि नमुना वाढेल तसा घटतो. अपवाद एकच: शेतं क्षेत्राच्या प्रमाणात निवडली असतील, उदाहरणार्थ गावाच्या नकाशावर यादृच्छिक बिंदू टाकून ज्या शेतात बिंदू पडला ते घेतलं असेल, तर उताऱ्यांची सरासरीच बरोबर आणि गुणोत्तर मागे पडतं. त्यामुळे शेतं निवडली कशी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रिग्रेशनशी न्याय्य राहायचं तर आकड्यांत ते पुढे आहे. त्रुटी ४८, गुणोत्तराची ६१. लहान शेतांचा उतारा जास्त असल्याने रेषा शून्यातून न जाता १.६ क्विंटलवरून सुरू होते, आणि ती मोकळीक रिग्रेशनला मिळते. मात्र दहा ओळींवर ४८ हा आकडा जरा आशावादीच असतो. शिवाय २.६० च्या जागी २.०० वाचलं तर रिग्रेशन १७४ क्विंटलने हलतं, गुणोत्तरापेक्षा जास्त. पन्नास-साठ ओळी असतील, नीट तपासलेल्या असतील, आणि आलेखात रेषा शून्यापासून स्पष्ट दूर जात असेल, तर रिग्रेशन घ्यायला माझी हरकत नाही.

गुणोत्तरासाठी लागतं ते इतकंच. क्षेत्र B मध्ये, उत्पादन C मध्ये, दोन्ही दुसऱ्या ओळीपासून:

```
G1: =SUM(C2:C11)/SUM(B2:B11)
G2: =G1*210
E2: =C2-$G$1*B2      (E11 पर्यंत खाली ओढा)
G3: =150*SQRT((1-10/150)*SUMSQ(E2:E11)/9/10)
```

G1 मध्ये आधी बेरजा आणि मग भागाकार आहे, हा क्रम उलटा झाला की नकळत उताऱ्यांची सरासरी निघते. G2 २७४४ आणि G3 ६१ यायला हवेत. दहाच ओळी असल्याने G3 ला दोनऐवजी २.२६ ने गुणावं: साधारण २६०५ ते २८८० क्विंटल.

उरतो तो २१० चा प्रश्न. गुणोत्तराचा सगळा भार या एका आकड्यावर आहे, आणि तो ई-पीक पाहणीतून आला असेल तर ज्यांनी नोंदच केली नाही त्यांचं क्षेत्र त्यात नाही. क्षेत्र दहा टक्के कमी नोंदलं तर उत्पादनही बरोबर दहा टक्के कमी निघेल, आणि G3 मध्ये त्याचा मागमूसही नसेल. सोयाबीनमध्ये तूर असेल तर फोटोतलं क्षेत्र अख्ख्या शेताचं आहे की फक्त सोयाबीनच्या ओळींचं, आणि गावाच्या २१० मध्ये तेच धरलं आहे का, हेही जुळायला हवं. जमल्यास नमुन्यातल्या त्याच दहा शेतांचं क्षेत्र गावाच्या नोंदीतून काढावं आणि कागदावरच्या १२.४० शी ताडावं. नोंदीत ११ च भरलं, तर छेदात १२.४० न घेता ते ११ घ्यावं. मग छेद आणि २१० एकाच नोंदीतले होतात, आणि नोंदीतली तूट दोन्हीकडे सारखी असेल तर ती भागाकारात निघून जाते.