गप्प राहून पाहावे की अर्धे पाऊल टाकून थांबावे?

दर वेळी फोन आपणच करतो, भेटीचा दिवस आपणच सुचवतो आणि आपण थांबलो तर भेट होतच नाही, हे एकदा लक्षात आले की माणसापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे काहीही न सांगता आपल्याकडून संपर्क थांबवायचा आणि समोरचा पुढे येतो का ते पाहायचे. दुसरी म्हणजे बोलावणे चालू ठेवायचे, परंतु त्यातला एक निर्णय मुद्दाम त्याच्यासाठी मोकळा सोडायचा आणि तो निर्णय तो घेतो का ते पाहायचे. पहिलीला मी मौन म्हणेन आणि दुसरीला अर्धे पाऊल. समोर बसून ‘नेहमी मीच का?’ असे सरळ विचारणे ही तिसरी वाट आहे. पण तसे विचारल्यानंतर आलेला पुढचा फोन ओढीने आला की संकोचाने, हे कळण्याची सोय उरत नाही, म्हणून मी ती येथे बाजूला ठेवतो. पहिल्या दोन्ही वाटा मी स्वतः चालून पाहिल्या आहेत, त्याही पुण्यातल्याच मित्रांच्या बाबतीत.

कोणतीही वाट धरण्यापूर्वी एक काम मात्र करावे, ते म्हणजे मोजणी. आपण केलेले आपल्याला आठवते आणि दुसऱ्याने केलेले त्या मानाने कमी आठवते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पती-पत्नींना घरातल्या कामांतला आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तेव्हा दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांत पूर्णापेक्षा जास्त भरली. मैत्रीतही तसेच होत असावे, असे मला वाटते. म्हणून मी व्हॉट्सॲपवरचे जुने संभाषण मागे सरकवत गेलो आणि चार-पाच दिवसांच्या शांततेनंतर पहिला संदेश कोणाचा होता, एवढेच कागदावर लिहीत गेलो. शुभेच्छा आणि पुढे ढकललेली छायाचित्रे मी धरली नाहीत. हडपसरला राहणाऱ्या माझ्या एका महाविद्यालयीन मित्राबरोबर चौदा महिन्यांत अकरा भेटी झाल्या होत्या आणि त्यांतल्या दहा मी ठरवलेल्या होत्या. पण त्याच कागदावर असेही दिसले की माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया झाली त्या आठवड्यात रोज पहिला संदेश त्याचाच होता. माझी तक्रार खरी होती, तरी मला वाटत होती तेवढी सरसकट नव्हती.

मौनाचा प्रयोग मी त्याच्या आधी, दुसऱ्या एका मित्रावर केला होता. मौनाच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्याला शब्द लागत नाहीत, नकार ऐकावा लागत नाही आणि बोलावून बोलावून थकलेल्या माणसाला त्यातून खरी विश्रांती मिळते. माझेही पहिले तीन आठवडे हलके गेले. चौथ्या आठवड्यापासून मात्र मी वाट पाहू लागलो आणि मौनातली जी अडचण अखेर माझ्यापुरता निर्णय करून गेली, ती तेथून सुरू झाली.

ती अडचण अशी की मौनातून मिळणारे उत्तर वाचताच येत नाही. समोरच्याला काही विचारलेले आहे हेच त्याला माहीत नसते. त्यामुळे तो गप्प राहिला तर त्याला आपली गरज नाही, की त्याच्या कार्यालयात वर्षअखेरीची धावपळ आहे, की तो कोणालाच आपण होऊन फोन करत नाही, की आपणच रागावलो आहोत असे समजून तो बिचकला आहे, या चारही शक्यता बाहेरून अगदी सारख्या दिसतात. शिवाय या परीक्षेला शेवटची तारीख नसते. एक महिना झाल्यावर मी स्वतःला म्हणालो, दिवाळीपर्यंत पाहू. दिवाळी झाल्यावर म्हणालो, त्याचा वाढदिवस येईपर्यंत पाहू. प्रत्येक वेळी मुदत वाढत गेली आणि त्याच्याविषयीचा माझा आकसही वाढत गेला. सातव्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा मी इतक्या कोरडेपणाने बोललो की तो चार मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणाला. ज्या पावलाची मी सात महिने वाट पाहिली, ते पडले तेव्हा त्याचे स्वागत करण्याच्या मनःस्थितीत मी राहिलो नव्हतो. पुढे एका लग्नात भेटल्यावर तो म्हणाला, “मला वाटलं, तुझं काहीतरी बिनसलंय, म्हणून मी मधे पडलो नाही.”

त्याच्या या वाक्याचा मी बराच विचार केला. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अचानक विचारपूस केल्यावर समोरच्याला किती बरे वाटेल, याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा कमीच बांधतात. म्हणजे फोन न करणाऱ्याच्या मनात पुष्कळदा अनिच्छा नसून ‘उगीच कशाला त्रास द्यायचा’ हा संकोच असण्याची शक्यता असते आणि आपल्या मौनाने तो संकोच आणखी घट्ट होतो. मौनाने ज्याची चाचणी घ्यायची, तीच गोष्ट मौन बिघडवते, असा निदान माझा अनुभव आहे.

अर्ध्या पावलात हे टळते, कारण तेथे प्रश्न समोरच्यापर्यंत पोहोचलेला असतो. मात्र तो नीट घडवावा लागतो. ‘शनिवारी भेटू या का?’ याला ‘हो’ म्हणायला काही लागत नाही. तेथे दिवस, वेळ आणि ठिकाण ही तिन्ही आपणच वाहिलेली असतात आणि ‘हो’ म्हणजे केवळ होकार असतो, पाऊल नव्हे. उलट ‘कधीतरी भेटू’ हे इतके सैल असते की त्यात धरण्यासारखे काही नसते. या दोहोंच्या मधले वाक्य हवे. हडपसरच्या मित्राला मी लिहिले ते असे: “टेकडीवर जाऊन बरेच दिवस झाले. या महिन्यातला कुठलाही शनिवार मला चालेल. कुठला आणि कुठे, ते या वेळी तू ठरव.” इच्छा स्पष्ट, मुदत ठरलेली आणि निर्णय एकच, तोही लहान. त्यानंतरचा नियम पाळायला अधिक कठीण आहे: आठवण करायची नाही. दुसऱ्या विषयावर त्याचा संदेश आला तर नेहमीसारखे मोकळेपणाने बोलायचे, पण सोडलेला निर्णय आपण परत उचलायचा नाही.

किती थांबायचे, हे आपल्या पूर्वीच्या लयीवरून ठरवावे. आमची भेट साधारण पाच-सहा आठवड्यांनी होत असे, म्हणून मी त्याच्या दुप्पट, म्हणजे तीन महिने ठरवले आणि तारीख लिहून ठेवली. त्याचे उत्तर त्याच दिवशी आले: “चालेल, सांगतो.” मग महिना संपला आणि काहीच झाले नाही. येथे मौनाची आठवण येते आणि रागही येतो, हे कबूल केले पाहिजे. पण या वेळी त्याला काय विचारले आहे हे त्याला ठाऊक होते, आणि मला शेवटची तारीख ठाऊक होती. तेवढ्याने माझी चिडचिड पुष्कळ आवरली गेली.

सातव्या आठवड्यात त्याचा फोन आला. “अरे, आपलं टेकडीचं राहिलंच. पण तू इकडे येतोस का? आईला आता सकाळी एकटं सोडता येत नाही. संध्याकाळी घरीच बसू.” मी कोथरूडला राहतो. माझी आजवरची सगळी आमंत्रणे शनिवारी सकाळी सहाची आणि वेताळ टेकडीची होती, जी माझ्या घरापासून जवळ आहे आणि त्याच्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. वनाज ते रामवाडी मेट्रो माझ्या सोयीची असली तरी ती हडपसरला जात नाही, आणि पहाटे आईला सोडून तो दुचाकीवर यायचा. दहा भेटी मी ठरवल्या होत्या हे खरेच, पण दहाही माझ्या घड्याळाप्रमाणे ठरवल्या होत्या. निर्णय त्याच्याकडे सोडला तेव्हाच त्याला जमणारी भेट कशी असते, हे मला कळले. नुसता गप्प बसलो असतो तर हे कळण्याचा मार्ग नव्हता.

अर्ध्या पावलाने नेहमी गोड उत्तर मिळते, असे मात्र समजू नये. आणखी एका परिचितापुढे मी असेच तीन वेळा, दीड-दोन महिन्यांच्या अंतराने, निर्णय मोकळे सोडले. तिन्ही वेळा ‘नक्की, नक्की’ आले आणि त्यापुढे काही नाही. येथे ओळखायची खूण मला उपयोगी पडली ती अशी: ज्याला यायचे असते पण जमत नाही, तो बहुधा दुसरा दिवस सुचवतो, ज्याला नको असते, तो दिवसाचे नावच काढत नाही. ‘हा शनिवार नको, पुढचा बघ ना’ हे माझ्या लेखी पूर्ण पाऊल आहे, नकार नव्हे. ‘बघू’ हे तीनदा आले तर तेही उत्तरच आहे. त्या गृहस्थांशी मी आजही भेटल्यावर आपुलकीने बोलतो, फक्त बोलावणे थांबवले आहे, आणि ते थांबवताना मनात आकस नव्हता, कारण मी अंदाजावर नव्हे तर विचारून थांबलो होतो.

काही ठिकाणी यांपैकी काहीच करू नये. घरात मृत्यू किंवा आजारपण असेल, मित्र खचलेला दिसत असेल, तर मोजणी बाजूला ठेवून आपणच जावे; खचलेल्या माणसाला दिवस ठरवणेसुद्धा जड जाते. वयाने किंवा हुद्द्याने लहान असलेला माणूस अदबीने पुढाकार घेत नाही, त्याचाही अर्थ अनास्था लावू नये. आणि नात्यातून तुमचा सतत अपमान होत असेल, तर परीक्षा घेण्याचे कारणच नाही. तेथे मौन योग्य, पण ते उत्तर शोधण्यासाठी नव्हे, स्वतःला सांभाळण्यासाठी.

ज्याची मैत्री टिकावी असे अजून वाटत आहे, त्याच्या बाबतीत मी अर्ध्या पावलाकडे झुकेन. तुमचा स्वभाव उत्तर न येण्याचे ओझे सहन करणारा नसेल तर कदाचित मौन तुम्हाला सोपे जाईल, हेही मी मान्य करतो. हडपसरच्या मित्राचा हिशेब मी त्यानंतरही काही काळ ठेवला होता: पुढच्या सहा भेटींतल्या दोन त्याने ठरवल्या, चार मी, आणि त्या चारांतल्या तीन त्याच्या घरी झाल्या.