गरम पाण्याची लाइन: जीआय, सीपीव्हीसी की तांबं?

जुन्या घराचं बाथरूम फोडलं की प्लंबर पहिल्याच दिवशी विचारतो, "पाइप कुठला टाकायचा?" गार पाण्याच्या लाइनसाठी उत्तर फारसं अवघड नाही. गरम पाण्याच्या लाइनसाठी मात्र आधी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे पाणी तापतं कशावर. गीझर असेल तर थर्मोस्टॅट तापमान आटोक्यात ठेवतो. गच्चीवरच्या सोलरला असा लगाम नसतो. मे महिन्यात घर आठवडाभर बंद राहिलं की टाकीतलं पाणी उकळीपर्यंत जाऊ शकतं.

उदाहरण म्हणून एक दुमजली घर घेऊ. गच्चीवर सोलर, खाली दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर, लाइनची लांबी साधारण 12 मीटर, पाणी बोअरवेलचं.

अशा घरात जुनी लाइन बहुतेक वेळा जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असते, आणि ती बदलायची वेळ का आली हे नळच सांगतो. गार पाण्याचा नळ धो धो येतो आणि गरम पाण्याची धार करंगळीएवढी. जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो आणि पाइपाच्या आत थर धरतो, म्हणून गरम लाइन आधी तुंबते. त्यात साधारण 60 अंशांच्या वर, काही प्रकारच्या पाण्यात, जस्ताचा मुलामा लोखंडाला वाचवायचं कामच सोडून देतो. पाइप गंजतो तो आधी आट्यांवर, कारण आटे पाडताना तिथला मुलामा निघून गेलेला असतो. सकाळी पहिलं पाणी तांबूस येणं आणि नेमक्या एल्बोपाशी भिंतीला ओल धरणं या दोन खुणा एकत्र दिसल्या, तर एकेक जोड दुरुस्त करत बसू नका. शिवाय जीआय जड असतो. अर्ध्या इंची मध्यम, म्हणजे निळ्या पट्टीच्या पाइपाचं वजन मीटरला सव्वा किलोच्या आसपास. बारा मीटर लोखंड तापवण्यातच दीड लिटर गरम पाण्याची ऊब जाते, वर पाइपात उभं असलेलं गार पाणी सोडावं लागतं ते वेगळंच.

सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्यासाठीचं प्लास्टिक. त्याला गंज लागत नाही, चुना कमी धरतो आणि ऊबही फारशी पित नाही. पण याला दोन गोष्टी सोसत नाहीत. पहिली अति उष्णता. पाइपावर 93 अंश छापलेलं असतं, पण तापमान वाढतं तशी दाब सोसण्याची ताकद घटते. एसडीआर 11 चा, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरापट असलेला पाइप गार पाण्याला चौरस सेंटीमीटरला 28 किलोच्या आसपास दाब घेतो, तोच 82 अंशांना सुमारे 7 किलो. दुमजली घरात टाकीचा दाब एक किलोच्याही आतबाहेर असतो, त्यामुळे तिथे काळजी नाही. धोका आहे तो उकळत्या पाण्याचा. दुसरी गोष्ट म्हणजे तापल्यावरचं लांबणं. आपली 12 मीटरची लाइन 20 वरून 65 अंशांवर गेली की सीपीव्हीसी साधारण साडेतीन सेंटीमीटर लांबतो. तांबं एक सेंटीमीटरही नाही, जीआय त्याहून कमी. गच्चीवर सरळ लाइन घट्ट क्लॅम्पमध्ये आवळली तर तो जोर एल्बोवर येतो आणि जोड तडकतो. मध्ये एक वळसा द्यायचा आणि क्लॅम्प सैल ठेवायचे. उन्हातल्या भागाला पाण्यात मिसळणारा रंग लावायचा. आणि सोल्युशनचा डबा स्वतः बघा, त्यावर सीपीव्हीसी लिहिलेलं हवं. साध्या पीव्हीसीच्या सोल्युशनने केलेले जोड गार पाण्याच्या चाचणीत टिकतात आणि गरम पाण्याने पुढे सुटतात.

तांब्याला उष्णतेचं वावडं नाही, आपल्याकडचे बंब त्याचेच असत. अडचण पैशाची आहे, आणि त्याहून जास्त माणसाची. किंमत सीपीव्हीसीच्या कितीतरी पट, आणि जोड गॅसवर तापवून करावे लागतात. ते एसी बसवणाऱ्याला जमतं, नेहमीच्या प्लंबरला क्वचितच. ऊब झपाट्याने बाहेर सोडतो म्हणून सगळ्या लाइनवर फोमचं वेष्टण लागतं. आणि तांब्यातून गेलेलं पाणी पुढे जुन्या जीआयमध्ये जाणार असेल तर तो बेत सोडा. पाण्याबरोबर गेलेलं तांबं जस्ताला खातं आणि जीआयला बारीक भोकं पडतात.

या घरासाठी मी सोलरच्या टाकीपासून पहिले दोन-तीन मीटर जीआय उघड्यावर, वेष्टण घालून टाकेन. तिथे युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड ठेवायचा म्हणजे तुंबला तर तेवढाच तुकडा बदलता येतो. पुढे पितळी आट्यांच्या जोडाने एसडीआर 11 चा सीपीव्हीसी भिंतीतून खाली. उकळतं पाणी तेवढ्या तुकड्यात काही थंड होत नाही, म्हणून गाव सोडताना सोलरवर ताडपत्री टाकायची. नुसता गीझर असेल तर सगळा सीपीव्हीसी चालतो, फक्त गीझरच्या तोंडाशी प्लास्टिकचे आटे नकोत, तिथे पितळच. तांबं मी फक्त तिथे घेईन जिथे लाइन लहान आहे, उघडी दिसणार आहे आणि जोड करणारा माणूस ओळखीचा आहे.

काहीही टाकलं तरी प्लास्टर करण्याआधी हातपंपाने दाब भरून लाइन रात्रभर ठेवायला सांगा, आणि सकाळी पंपावरचा दाबाचा काटा स्वतः बघा. त्याच वेळी उघड्या भिंतीचे फोटो शेजारी टेप धरून काढून ठेवा, पुढे गीझरचा ब्रॅकेट ठोकणारा ड्रिल कुठे लावेल याचा नेम नसतो.