इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी काचेचा हायड्रोमीटर: काही महिने वापरल्यानंतर

बॅटरीच्या दुकानात हा दोनशे रुपयांच्या आत मिळाला. जाड काचेची नळी, वर रबरी फुगा, खाली रबराचं बारीक टोक आणि नळीच्या आत सुटा ठेवलेला काचेचा फ्लोट. उन्हाळ्यापासून घरच्या ट्यूब्युलर बॅटरीवर वापरतो आहे. वस्तू कामाची आहे, मात्र तिच्यावरचे रंगीत पट्टे न पाहता आकडे वाचायची तयारी हवी. ते का, ते पुढे येईलच.

फुगा दाबून टोक सेलमध्ये घालायचं आणि फुगा हळूहळू सोडायचा, की ॲसिड नळीत चढतं आणि फ्लोट तरंगू लागतो. द्रवाची पातळी फ्लोटच्या दांडीवर ज्या आकड्याला येते ती त्या सेलची ‘ग्रॅव्हिटी’. मेकॅनिक १.२४० ला ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. साध्या पाण्याच्या १.२४ पट जड, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी वापरली जाते तसं ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जातं, द्रव हलका होतो आणि फ्लोट खोल बुडतो. चार्जिंगला लावली की उलटं.

आता हा आकडा येतो कुठून? फ्लोट धुऊन, सुकवून छोट्या डिजिटल काट्यावर ठेवला, तर १३ ग्रॅम भरला. तळाच्या फुगीर भागात शिशाचे छर्रे आहेत, त्यामुळे तो उभा तरंगतो. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकाच द्रव बाजूला सारते. म्हणजे हा फ्लोट कुठल्याही द्रवात असो, सारणार १३ ग्रॅमच. बदलतं ते त्या १३ ग्रॅमचं आकारमान. १.३०० च्या दाट ॲसिडमध्ये १३ ग्रॅम म्हणजे बरोबर १० घनसेंटिमीटर, तर १.१०० च्या पातळ ॲसिडमध्ये ११.८२. हा वरचा १.८२ घनसेंटिमीटरचा फरक दांडीला बुडून भरून काढावा लागतो. दांडीचा व्यास ६ मिलिमीटर आहे. हिशेब केला तर ती सुमारे ६.४ सेंटिमीटर बुडायला हवी, आणि तिच्यावरची पट्टी १.१०० पासून १.३०० पर्यंत जवळपास तेवढीच लांब आहे. दांडी आणखी बारीक असती, तर तेवढ्याच फरकाला ती जास्त बुडाली असती आणि आकडे आणखी सुटे वाचता आले असते, पण पट्टीही लांबलचक झाली असती. दुधाच्या लॅक्टोमीटरची दांडी बारीक ठेवणं परवडतं ते याचमुळे, त्याला १.०१५ ते १.०४० एवढाच टप्पा मोजायचा असतो.

पट्टीकडे नीट बघितलं की दोन गोष्टी दिसतात. लहान आकडे वर आणि मोठे खाली, कारण दाट द्रवात फ्लोट वर येतो आणि दांडीचा खालचा भाग पातळीला लागतो. दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: रेघांमधली अंतरं सारखी नाहीत. माझ्या फ्लोटवर १.१०० ते १.१५० मध्ये सुमारे १८ मिलिमीटर आहेत, १.२५० ते १.३०० मध्ये जेमतेम १४. हा छपाईचा दोष नव्हे. बुडालेल्या भागाचं आकारमान म्हणजे वजन भागिले घनता, आणि भागाकारात घनता खाली असल्याने ती जसजशी वाढते तसतशी प्रत्येक पुढच्या पायरीला दांडी कमी कमी वर येते. म्हणून वरची आणि खालची रेघ ठरवून मध्ये सारखे भाग पाडले, तर मधले सगळे आकडे चुकतील.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान बोमे याने १७६८ च्या सुमारास हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. शुद्ध पाण्यात फ्लोट जिथे थांबतो तिथे शून्य, १५ टक्के मिठाच्या पाण्यात जिथे थांबतो तिथे १५, आणि मध्ये, पुढे सगळीकडे सारखीच अंतरं. पट्टी आखायला सोपी, पण मग एकेका अंशामागचा घनतेतला फरक सारखा राहत नाही. आजही काही ठिकाणी ॲसिड ‘बोमे’त विकलं जातं. रूढ सूत्र `Bé = 145 − 145/SG` असं आहे, त्यात SG च्या, म्हणजे ग्रॅव्हिटीच्या जागी १.२४० घातलं की साधारण २८ येतात.

स्वस्त हायड्रोमीटरमध्ये पट्टी म्हणजे दांडीच्या पोकळीत घातलेला कागद असतो, आणि तो घसरू शकतो. साध्या पाण्यात टाकून हे तपासता येत नाही, कारण या पट्टीची सुरुवातच १.१०० पासून आहे. पाण्यात फ्लोट सरळ तळाला जातो. त्यासाठी मिठाचं पाणी बरं. २०० ग्रॅम मीठ ८०० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये पूर्ण विरघळवलं, तर २५ अंशांना घनता १.१४५ च्या आसपास असते. माझा फ्लोट तिथेच थांबला. शेजारच्या काकांचा अगदी असाच फ्लोट १.१३५ दाखवत होता, म्हणजे कागद साडेतीन मिलिमीटर खाली सरकलेला. तीच घसरण १.२४० पाशी १२ पॉइंटांची, म्हणजे ०.०१२ ची होते, कारण तिथे रेघा जवळ आहेत. म्हणून ‘दहा मिळवून वाच’ असं करू नका, फ्लोटच बदला.

वाचतानाची पथ्यं थोडीच. फ्लोट काचेला चिकटलेला नको, नळी उभी हवी, डोळा पातळीच्या रेषेत हवा. दांडीलगत द्रव किंचित वर चढतो, ती कड सोडून सपाट पातळी वाचायची. आणि दांडी कोरडी, स्वच्छ हवी. पातळीच्या वर दोन थेंब चिकटून राहिले तर फ्लोटचं वजन सुमारे ०.१ ग्रॅमने वाढतं आणि १.२४० ऐवजी जवळपास १.२३० दिसतं. निरोगी सेल त्या दोन थेंबांपायी दुबळा ठरतो.

तापमानाचं गणितही ठेवावं लागतं. आपल्याकडे बॅटरीचे आकडे २७ अंशांना धरतात. ॲसिड त्याहून गरम असेल तर दर अंशाला साधारण ०.०००७ मिळवायचे, थंड असेल तर वजा करायचे. मे महिन्यात चार्जिंगनंतर ॲसिड ४० अंशांवर होतं, वाचन १.२२५, त्यात ०.००९ मिळवून १.२३४. बॅटरीच्या लेबलवर पूर्ण चार्जला १.२४० छापलंय, तेव्हा ठीकच.

आता त्या पट्ट्यांबद्दल. माझ्या हायड्रोमीटरवरचा हिरवा १.२६० पासून सुरू होतो. तो गाडीच्या बॅटरीला धरून आहे. इन्व्हर्टरची पूर्ण भरलेली बॅटरी त्यावर कायम पांढऱ्यातच दिसते. हिरवा आणायला कुणी ॲसिड ओतलं तर प्लेटा खराब होतील. घरी ओतायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि ओतल्या ओतल्या ग्रॅव्हिटी बघू नये, कारण नवं पाणी वर तरंगतं आणि नळी वरचाच थर ओढते. काही तास चार्जिंग होऊ द्यावं.

खरा उपयोग सहा सेलांची आपसात तुलना करण्याचा. पावसाळ्यात पाच सेल १.२३५ ते १.२४० दाखवत होते आणि एक १.१९५ वर अडकला. व्होल्टमीटर एकूण बारा व्होल्टच्या पुढचाच आकडा दाखवत होता, त्यात हे कळलं नसतं. मेकॅनिकने आधी लांब चार्जिंग द्यायला सांगितलं. त्यानंतर तो सेल १.२२० पर्यंत आला आणि तिथेच राहिला. बॅटरी चालू आहे, बॅकअप थोडा कमी झालाय.

घेताना दांडीवर ०.००५ च्या रेघा आहेत ना, ते बघा, ०.०१० च्या असतील तर असा सेल उशिरा ओळखू येतो. हातमोजे, चष्मा आणि जवळ खाण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा, आणि ओढलेलं ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. सीलबंद किंवा लिथियम बॅटरी असेल तर पैसे घालवू नका, नळी घालायला जागाच नसते.