दहा लाखांचे बावीस लाख, पण वर्षाला बारा टक्के नव्हे

नागपुरात इतवारीतल्या एका किराणा दुकानदाराला ओळखीच्या एजंटाने बोनस मिळणारी विमा पॉलिसी विकली. सगळा हिशेब चिठ्ठीच्या कागदावर होता: वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, आणि २० वर्षं पूर्ण झाली की २२ लाख. "काकाजी, १० लाखांवर १२ लाख नफा, म्हणजे १२० टक्के. भागिले १०. वर्षाचे १२ टक्के पडले!"

भागाकार बिनचूक आहे, म्हणूनच तो पचला. खोट आहे ती कशाने भागलं त्यात. हप्ते १० वर्षं भरायचे असले तरी पैसा अडकतो त्याहून जास्त काळ. पहिला हप्ता २० वर्षं कंपनीकडे राहतो, शेवटचा ११ वर्षं. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट होण्याचा दर काढायचा ढोबळ नियम म्हणजे ७२ ला वर्षांनी भागायचं. ७२ ला १५.५ ने भागलं की ४.६ येतात, म्हणजे एवढ्या काळात पैसे दुप्पट व्हायला चक्रवाढीने वर्षाला साधारण ४.६ टक्के पुरतात. २२ लाख हे दुपटीहून थोडेच जास्त आहेत, त्यामुळे खरा दर पाचच्या आसपास असणार हे कागद-पेन्सिलीवरही कळतं.

उलटा हिशेब तर याहून बोलका आहे. दरवर्षाच्या सुरुवातीला १ लाख असे १० हप्ते खरंच १२ टक्के चक्रवाढीने वाढले असते, तर विसाव्या वर्षाअखेरीस सुमारे ६१ लाख व्हायला हवे होते. चिठ्ठीवर २२ आहेत. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

नेमका दर हवा असेल तर एक्सेलमध्ये A1 ते A10 मध्ये -100000 लिहा, A11 ते A20 मध्ये 0, आणि A21 मध्ये 2200000. मग:

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर ५.१५ टक्क्यांच्या जवळपास येतं. इथे एक खड्डा आहे. मधले दहा शून्य टाइप करायचा कंटाळा करून चौकटी रिकाम्या ठेवल्या, तर हे सूत्र त्या मोजतच नाही. जणू २२ लाख दहाव्या वर्षाअखेरीसच हातात आले असं धरतं आणि दर जवळपास १४ टक्के दाखवतं. एजंटाच्या लॅपटॉपवर कुणी असा तक्ता दाखवला, तर आधी मधल्या ओळी बघा.

आता मूळ कागद, म्हणजे बेनिफिट इलस्ट्रेशन, पॉलिसीतून किती मिळू शकेल हे दाखवणारा कंपनीचा तक्ता. दुकानदाराने त्यावर सही केली होती, वाचलं मात्र नव्हतं. त्यात मुदतपूर्तीचे तीन आकडे होते: हमी असलेले १० लाख, ४ टक्क्यांच्या रकान्यात साडेतेरा लाख आणि ८ टक्क्यांच्या रकान्यात २२ लाख. एजंटाने फक्त शेवटचा उचलला. हे ४ आणि ८ म्हणजे कंपनीच्या गुंतवणुकीवरच्या कमाईचे गृहीत धरलेले दर. ते आश्वासन नाही, आणि कमाल-किमान मर्यादाही नाही. त्या कमाईतून कमिशन, खर्च आणि विमा संरक्षणाची किंमत वजा होते. म्हणून कंपनीने ८ मिळवले तरी ग्राहकाच्या हाती ५.१५ पडतात. साडेतेरा लाखांचा दर तर २ टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. हमीच्या रकमेवर बोलायलाच नको, जेवढे भरले तेवढेच परत.

आयुर्विमा संरक्षणासह पाच टक्के हा गुन्हा नाही. ते कुणाला पटेलही. गुन्हा आहे त्याला बारा म्हणण्यात.

पॉलिसी देण्याआधी कंपनीकडून पडताळणीचा फोन येतो. "सगळ्याला हो म्हणून टाका," असं एजंटाने आधीच पढवलं होतं, आणि त्या 'हो'चं रेकॉर्डिंग कंपनीकडे आहे. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती लेखी अर्ज करून परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचे पैसे, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी हप्ता परत मिळतो. यांची पॉलिसी ई-मेलवर आली होती. मुलाने ती दोन महिन्यांनी उघडली.

त्यानंतर वाट लांबते. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल. तिथे सही केलेलं इलस्ट्रेशन ग्राहकाच्या विरोधात जातं आणि तोंडी आश्वासनाला काही वजन राहत नाही. दुकानदाराकडे सुदैवाने ती चिठ्ठी होती, पण तिच्यावर ना तारीख, ना सही. सही करायच्या आधी एजंटाला सांगायचं, "भाऊ, या इलस्ट्रेशनवरच 'दरसाल १२ टक्के' लिहा आणि खाली तारखेसह सही करा." लिहून देणारा एजंट सहसा सापडत नाही.